पडला असेल, असे म्हणण्यापूर्वी

चोवीस वर्षांचा बौद्धिक दिव्यांग मुलगा दिवाळीसाठी निवासी संस्थेतून घरी आला होता. परतीची पिशवी भरली जाऊ लागताच तो दाराआड जाऊन बसला. त्याला चार-पाच शब्दांपलीकडे बोलता येत नव्हते. आंघोळ घालताना आईला त्याच्या दंडाच्या आतील बाजूस बोटांच्या आकाराचे निळसर वण दिसले. संस्थेत विचारले असता उत्तर मिळाले, "पडला असेल."

पडल्याच्या खुणा बहुधा गुडघा, नडगी, कोपर, कपाळ अशा हाडांच्या उंचवट्यांवर उमटतात. दंडाची किंवा मांडीची आतील बाजू, पाठ आणि कान येथील वण म्हणूनच अधिक शंकास्पद ठरतात. एकट्या वणाने काही सिद्ध होत नाही. मात्र त्याच्या जोडीला वजन घटणे, अंथरूण ओले होऊ लागणे, ठरावीक सेवकाचे नाव निघताच घाबरणे असे बदल एकाच काळात दिसले, तर 'त्याच्या दिव्यांगत्वामुळेच असेल' असे म्हणून ते सोडून देऊ नयेत.

या मुलाच्या वडिलांनी प्रथम नोंद केली. वण कोठे, किती मोठा, कोणत्या तारखेस दिसला हे लिहून छायाचित्र काढले. "अमक्याने मारले का?" असे त्यांनी विचारले नाही, कारण त्यामुळे उत्तर मुलाच्या तोंडी घातल्यासारखे होते. "काय झाले?" एवढेच विचारून त्याचे शब्द जसेच्या तसे लिहिले. त्याच दिवशी डॉक्टरांकडून तपासणीचा कागद घेतला. संशयित सेवकाला फोन केला नाही, कारण पुरावा नाहीसा होण्याची आणि तेथे राहणाऱ्या इतरांवर दबाव येण्याची भीती होती. लैंगिक अत्याचाराची शंका असती, तर वैद्यकीय तपासणीपर्यंत आंघोळ घालणे आणि कपडे धुणेही टाळावे लागले असते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 7 नुसार अशी माहिती कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देऊ शकतो. तालुक्यात हे अधिकार तहसीलदारांकडे असतात. पीडिताची सुटका व सुरक्षित निवासाचा आदेश ते देऊ शकतात. पोलिसांकडे गेल्यास या हक्काची आणि मोफत विधी साहाय्याची माहिती देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. सांभाळ करणाऱ्याने जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणे हाही कलम 92 खाली गुन्हा असून त्यास सहा महिने ते पाच वर्षे कारावास आहे. पीडित अठरा वर्षांखालील असून अत्याचार लैंगिक असेल, तर पोक्सो कायद्याने कळवणे सक्तीचे आहे. सद्भावनेने कळवणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही; मौन बाळगणाऱ्यावर होऊ शकते. बालकांसाठी 1098 ही मदतवाहिनी आहे.

वडिलांनी लेखी अर्ज देऊन पोहोच घेतली आणि निर्णय होईपर्यंत मुलाला घरीच ठेवले. संस्थेच्या एका विश्वस्ताने सुचवले, "बदनामी नको, आपसांत मिटवू." ते विश्वस्त या कुटुंबाचे जुने स्नेही होते. तरीही वडिलांनी अर्ज मागे घेतला नाही. त्यांचा मुलगा घरी सुरक्षित होता. परंतु त्याच खोलीत आणखी पाच जण अजून राहत होते, आणि त्यांच्यापैकी कोणालाही धड बोलता येत नव्हते.