भातवडी: तलाव फोडण्याआधीच निम्मी जिंकलेली लढाई

१/ भातवडीचे नाव निघाले की एकच दृश्य रंगवले जाते. मलिक अंबराने तलावाचा बांध फोडला, रानात चिखल झाला, मोगल आणि आदिलशाही फौज रुतली, संपले. हे खोटे नाही. पण ही गोष्ट शेवटच्या पानापासून वाचलेली आहे. १६२४ सालच्या या मोहिमेचे मर्म बांधात नाही, त्याआधीच्या कित्येक आठवड्यांच्या कूचात आहे.

२/ आधी नकाशा पाहावा. उत्तरेस मोगलांचे बुऱ्हाणपूर, दक्षिणेस आदिलशहाचे विजापूर आणि मधोमध निजामशाही. अहमदनगरचा किल्ला तर १६०० पासून मोगलांकडेच. 'अंबर घेरला गेला होता' असे यावर लिहिले जाते. पण मध्यभागी असलेल्याला दोन्ही शत्रूंकडे जाणारा रस्ता जवळचा असतो. शत्रूंना मात्र एकमेकांकडे जाण्यासाठी त्याला ओलांडावे किंवा वळसा घालावा लागतो. युद्धशास्त्र यालाच अंतर्गत रेषा म्हणते.

३/ त्या वर्षी बंडखोर शाहजहानच्या पाठलागासाठी महाबतखान उत्तरेकडे निघाला. दख्खन सांभाळण्यासाठी त्याने आदिलशहाशी हातमिळवणी केली आणि मुल्ला महंमद लारी सुमारे ५,००० स्वारांसह बुऱ्हाणपुरास गेला. दोन शत्रू एक झाले, हे खरे. पण त्यासाठी विजापूरची निवडक फौज विजापुरापासून सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटर दूर जाऊन बसली.

४/ अंबराने नेमके हेच हेरले. बुऱ्हाणपुरावर चालून न जाता त्याने निजामशहाचा कुटुंबकबिला दौलताबादेस सुरक्षित ठेवला, कंधारच्या बाजूने गोवळकोंड्याच्या सीमेवर जाऊन थकलेली रक्कम वसूल केली आणि कुतुबशहाशी तह केला. अशा रीतीने पूर्वेची बाजू निर्धास्त झाली. मग त्याने बीदर लुटले आणि थेट विजापुराला वेढा घातला. बीदरहून विजापूर सरळ रेषेत सुमारे २२५ किलोमीटर. लारीला परतायचे तर त्याच्या दुपटीहून अधिक.

५/ अंतर्गत रेषेचा खरा लाभ हाच. फौज तेवढीच राहते, पण जिथे शत्रू दुबळा तिथे ती आधी पोहोचते. इब्राहिम आदिलशहाने घाबरून लारीला परत बोलावले. त्याच्यासोबत लष्करखानाची मोगल फौजही निघाली. दोन राज्यांच्या सेना अंबराच्या मर्जीच्या दिशेने धावू लागल्या.

६/ आता भाबड्या गौरवकथेला न मानवणारी बाब. ही संयुक्त फौज जवळ येताच अंबराची ती सोय संपली. एकत्र आलेल्या शत्रूंपुढे मध्यभाग हा लाभ नव्हे, सापळा असतो. हे ओळखून त्याने वेढा उठवला आणि तो आपल्या मुलखात, नगरकडे हटला. माघार हा इथे पराभव नव्हता; लांब पल्ल्याने थकलेल्या शत्रूला अनोळखी, धान्य नसलेल्या प्रदेशात ओढणे होते.

७/ भातवडीचा बांध फुटला तो इथे. चालीने जे साधणे आता शक्य नव्हते, ते पाणी, चिखल, उपासमार आणि रात्रीच्या छाप्यांनी साधले. लारी मारला गेला, लष्करखान कैद झाला. शहाजीराजांचे बंधू शरीफजी याच लढाईत पडले. बांध म्हणजे युक्ती खरी. पण ती थकलेल्या, दूरवर फरफटत आलेल्या फौजेवर चालली. ताज्या, रसद असलेल्या फौजेवर चालली असती का, हा प्रश्न युक्तीचे पोवाडे गाणारे विचारीत नाहीत.

८/ विजयानंतरची हालचाल पाहिली की संशय उरत नाही. दोन्ही फौजा मोडताच मधला रस्ता पुन्हा मोकळा झाला. अंबराने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला, याकूतखानाला बुऱ्हाणपुरावर धाडले आणि स्वतः पुन्हा विजापुरावर गेला. पुढे सोलापूरही घेतले. निव्वळ चिखलाच्या भरवशावर जिंकणारा सेनापती असे हात पसरू शकत नाही.

९/ ही जादू मात्र नव्हे. १६३६ मध्ये शहाजीराजांकडेही हाच मध्यभाग होता. पण शाहजहान स्वतः दौलताबादेस आला, विजापूरला तह करावा लागला आणि खानजमान व रणदुल्लाखान या दोघांनी मिळून माहुलीत त्यांना कोंडले. जिच्या राजधानीवर झेप घेऊन युती फोडावी अशी दुसरी बाजूच उरली नव्हती. अंतर्गत रेषेला दोन गोष्टी लागतात: शत्रूंमधले अंतर आणि ते कापायला लागणारा वेळ. दोन्ही गेल्या की मध्यभाग म्हणजे कोंडवाडा.

१०/ म्हणून भातवडीला 'तलाव फोडल्याची लढाई' म्हणणे हा अंबरावर अन्याय आहे. बांध एका रात्रीत फुटतो. बुऱ्हाणपूरची फौज विजापूरमार्गे भातवडीच्या चिखलापर्यंत आणायला सारा दख्खन डोक्यात असावा लागतो.