शिवला म्हणजे मिळाला?

वरठीच्या सनफ्लॅगचा शेअर भंडारेकरांना घरचा वाटतो. स्ट्रॅटेजी तपासायला कोणी तोच घेतला, तर नवल नाही. बॅकटेस्टचा आलेख सरळ वर चढताना दिसला, की मात्र कोडमधली एक ओळ शोधावी. दिवसाचा लो लिमिट भावाला शिवला, की अख्खी ऑर्डर भरली, असे तिथे बहुधा धरलेले असते.

भरली कशी?

एनएसईवर आधी भाव पाहतात, मग वेळ. समजा, 240 ला 1,000 शेअरची खरेदी लावली. त्याच भावाला आपल्या पुढे 1,800 शेअर रांगेत आहेत. त्यानंतर 240 ला एकूण 2,200 शेअर विकले गेले आणि भाव 246 वर गेला. पुढच्यांचे 1,800 भागले, आपल्या वाट्याला 400 आले. बॅकटेस्ट 6,000 रुपये नफा दाखवते. हाती येतात 2,400.

तोट्यात अशी सूट नाही. दुसऱ्या दिवशी भाव 240 तोडून 234 वर बंद झाला, तर पुढची रांग संपते, आपलेही हजारच्या हजार भरतात आणि 6,000 जातात. कागदावर दोन दिवसांचा हिशेब बरोबरीत सुटतो. खात्यात 3,600 ची खोट असते. चूक दोन्हीकडे सारखी असती, तर सरासरीत जिरली असती. इथे फसलेले सौदे पूर्ण मिळतात, साधलेले अर्धवट.

मार्केट ऑर्डर लावली, तर संख्या बहुतेक मिळते, भावाची हमी नसते. 242 ला विकणारे 150 शेअरच असतील, तर उरलेले 242.50, 243.50 असे वरच्या भावाने घ्यावे लागतात. हा खर्च निदान दिसतो. न मिळालेला शेअर कुठल्याच कॉन्ट्रॅक्ट नोटवर छापून येत नाही.

सिम्युलेशनमध्ये किमान एवढे तरी हवे:

```
fill = min(qty, max(0, traded - ahead))
```

यातला `ahead` दिवसाच्या कँडलमध्ये सापडत नाही, त्याला ऑर्डर बुकचा डेटा लागतो. पुढच्यांनी ऑर्डर रद्द केल्या तर रांग लवकर सरकते, तेही या ओळीत नाही. डेटा नसेल, तर हात आखडावा. भाव लिमिटच्या निदान एक टिक खाली गेला, तरच ऑर्डर भरली म्हणावी, आणि तीही त्या मिनिटाच्या उलाढालीच्या लहानशा हिश्श्यापुरतीच.

मग उरलेल्या 600 शेअरचे काय? रद्द करायचे, तसेच उभे ठेवायचे, की भाव पळाल्यावर मार्केटने उचलायचे? तिन्हींचे निकाल वेगळे निघतात. आलेख दाखवणाऱ्याला आधी हे विचारावे.