टँकरच्या पाण्याची वाटणी

पुण्याच्या उपनगरांतील अनेक गृहनिर्माण संस्थांत उन्हाळा लागला की नळाचे पाणी पुरत नाही आणि टँकर मागवावा लागतो. टँकर आला म्हणजे तंटा मिटावा. पण पुष्कळदा तो तेथूनच सुरू होतो. अशाच एका संस्थेतील एका सभासद बाईंनी कार्यकारी समितीला लिहिलेले पत्र पाहण्यासारखे आहे. त्यात रागाचा शब्द नाही. हिशेब मात्र चोख आहे.

या संस्थेत तीन इमारती आहेत. पहिलीत ५० माणसे राहतात, दुसरीत ६० आणि तिसरीत ५०. जमिनीखालच्या एका सामायिक टाकीत सारे पाणी जमते. तेथून प्रत्येक इमारतीचा पंप ते आपल्या गच्चीवरील टाकीत चढवितो. पहाटे नळाचे सुमारे ६,००० लिटर पाणी येते व दुपारी १०,००० लिटरचा एक टँकर येतो. म्हणजे १६० माणसांना मिळून १६,००० लिटर, माणशी १०० लिटर. शहरातील माणसाला दररोज १३५ लिटर पाणी मिळावे, असे प्रमाण सरकारी नियोजनात धरतात. तेव्हा टँकर येऊनही तूट राहतेच, आणि ती कोणी सोसावी हा खरा प्रश्न आहे.

आजवरची रीत वरवर न्यायाची दिसते. टँकर रिकामा झाला की प्रत्येक पंप अर्धा तास चालवावयाचा. परंतु पहिल्या इमारतीचा पंप नवा व जोरकस आहे, दुसरीचा जुना आहे. वेळ सारखा असला तरी पाणी सारखे चढत नाही. आणि जेथे माणसे अधिक, नेमके तेथेच ते कमी पोहोचते. बाई लिहितात, "घड्याळाने वेळ मोजता येतो, पाणी नव्हे. पाणी काठीने मोजावे, ही विनंती."

ही काठीची युक्ती साधी आहे. टाकीचा तळ ४ मीटर लांब व ३ मीटर रुंद आहे. त्यामुळे पाण्याची पातळी एक सेंटिमीटर वर चढली की १२० लिटर पाणी आले असे समजावे. १०,००० लिटरचा टँकर पुरा रिकामा झाला, तर पातळी ८३ सेंटिमीटर चढली पाहिजे. ती ७५ च चढली, तर टँकर ९,००० लिटरच घेऊन आला, हे कोणालाही कळेल. पैसे मात्र भरल्या टँकरचे गेलेले असतात! मोजताना नळाची झडप बंद हवी आणि एकही पंप चालू नसावा, एवढे पथ्य पाळावे लागते.

वाटणीही त्याच काठीने करावी, असे पत्रात सुचविले आहे. एका वेळी एकच पंप लावावा. टँकरच्या पाण्यापैकी पहिल्या इमारतीने पातळी २६ सेंटिमीटर उतरेपर्यंत घ्यावे, दुसरीने ३१ आणि तिसरीने २६. जुन्या पंपाला वेळ अधिक लागेल, तो लागू द्यावा. पहाटेचे पाणीही माणसांच्या याच प्रमाणात वाटावे. पहिला पंप कोणाचा, हे रोज आळीपाळीने बदलावे. आणि टँकर अपुरा निघाला, तर पंप लावण्यापूर्वीच तिघांचे वाटे त्या प्रमाणात कमी करावेत, म्हणजे सारी तूट शेवटच्या इमारतीवर पडणार नाही. मोजणीच्या वेळी तिन्ही इमारतींतील एकेक माणूस हजर असावा, हेही बाईंनी मागितले आहे, आणि ते योग्यच आहे. एकट्या पहारेकऱ्यावर हा भार टाकणे म्हणजे त्याला विनाकारण संशयाच्या तोंडी देणे होय.

यावर एक आक्षेप येईल. घरे जर सारखी आणि वर्गणीही सारखी, तर सहा माणसांच्या घराला दोन माणसांच्या घरापेक्षा अधिक पाणी का मिळावे? आक्षेप खोटा नाही. परंतु पाणी कमी असते तेव्हा ते पिण्यास, रांधण्यास व अंघोळीला लागते, आणि या गरजा माणसांच्या असतात, भिंतींच्या नव्हेत. पैशाचा वाटा कसा ठरवावा, हा प्रश्न बाईंनी सर्वसाधारण सभेकडे सोपविला आहे. पाणी मात्र तोवर थांबू शकत नाही.

या योजनेला एक मर्यादा आहे व ती पत्रातच नमूद केली आहे. काठी इमारतीइमारतींत न्याय करील, पण एका इमारतीतील मजल्यांत करणार नाही. गच्चीवरून उतरणारे पाणी खालच्या मजल्यावर अधिक जोराने येते. तेथे बादली लवकर भरते, आणि वरच्या घरी नळ चालू होतो तोवर टाकी आटत आलेली असते. यासाठी खालच्या मजल्यांच्या झडपा थोड्या आवळून ठेवाव्यात आणि त्या किती आवळाव्यात हे वरच्या व खालच्या घरांतील माणसांनी एकत्र उभे राहून, दोन्हीकडे बादली भरण्यास लागणारा वेळ पाहून ठरवावे, अशी विनंती करून बाईंनी पत्राखाली सही केली आहे. सोबत खुणा केलेली एक बांबूची काठीही त्यांनी समितीकडे पाठविली आहे.