भाव कोणता खरा?

‘लासलगावला कांदा अठराशे!’ ही बातमी मोबाइलवर झळकते आणि शेतकऱ्याच्या घरात हिशेब सुरू होतात. पीककर्जाच्या अर्जांवर सह्या करण्यात माझी बरीच वर्षे गेली. आकड्यापेक्षा आकडा कुठून आला हे आधी पाहावे, ही सवय त्या नोकरीने मला लावली. इथे ती उपयोगी पडते.

‘आजचा कांदा भाव’ एवढेच शोधले, तर जाहिरातींनी भरलेली पाने आधी पुढे येतात. मथळ्यात ‘आज’ असते, आतला आकडा मात्र आठवड्यापूर्वीचाही असू शकतो. म्हणून शेतमाल, जात आणि बाजार समिती, तिन्ही सांगावे: ‘उन्हाळी कांदा लासलगाव बाजारभाव’. त्यापुढे site:msamb.com असे जोडले, की शोध राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळापुरता राहतो. केंद्राच्या नोंदींसाठी agmarknet.gov.in आहे. पत्त्याच्या शेवटी .gov.in असणे ही सरकारी संकेतस्थळाची चांगली खूण. पण पणन मंडळाचा पत्ता.com ने संपतो, म्हणून तो अक्षर न् अक्षर ताडून पाहावा.

शोधाची धाव मात्र दारापर्यंतच. रोजचे भाव तक्त्यात असतात आणि ते शोधयंत्राला नेहमी दिसतातच असे नाही. तेव्हा त्या पानावर जाऊन शेतमाल स्वतः निवडावा आणि तारीख पाहावी. लासलगावच्या नावाखाली निफाड आणि विंचूर अशा वेगळ्या नोंदीही दिसतात. आपला माल जिथे उतरणार तीच ओळ वाचावी.

त्या ओळीत आवक आणि तीन दर असतात: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. खरी मेख इथेच आहे. समजा, दर अनुक्रमे ५००, १८०० आणि १३०० रुपये क्विंटल आहेत. अठराशे हा कदाचित एखाद्याच निवडक गाडीला मिळालेला दर; बहुतेक माल तेराशेच्या आसपास गेला. वीस क्विंटलवाल्याने अठराशे धरले तर ३६ हजार होतात, तेराशे धरले तर २६ हजार. दहा हजारांची ही तफावत कागदावरचीच असते, पण तिच्या भरवशावर दुकानदाराला दिलेला शब्द खराच असतो. गाडीभाडे अजून वजा व्हायचेच आहे.

एका दिवसाच्या दरावरही विसंबू नये. मागच्या चार-पाच दिवसांची आवक शेजारी मांडावी. आवक वाढत असताना सर्वसाधारण दर उतरत असेल, तर कालचा भाव उद्या मिळेल असे धरू नये. तक्ता सांगतो तो झालेल्या सौद्यांचा भाव. आपल्या कांद्याचा भाव त्याची प्रत पाहून लिलावातच ठरतो. गावाकडच्या भावाला आपण शहरातून भाव कळवणार असाल, तर तारीख, जात आणि सर्वसाधारण दर एवढे तरी सोबत कळवा.