काळीज कोणी खाल्ले?

‘नागाचे धडधडते काळीज कोणी खाल्ले?’ या प्रश्नाला आमची पोरे बिनधास्त अँड्र्यू झिमर्न लिहितात. त्यांचे तरी काय चुकले! ‘बिझार फूड्स’मध्ये विचित्र खाणे हेच त्याचे काम, घास चावतो आणि चव सांगतो. पण व्हिएतनाममध्ये ते काळीज गिळले अँथनी बोर्डेनने, ‘अ कुक्स टूर’मध्ये. दोघेही न्यूयॉर्कला जन्मलेले, दोघेही आचारी, पुढे दोघेही ट्रॅव्हल चॅनेलवर. मग घोळ होणारच. बोर्डेनचा (निधन २०१८) खरा ओढा मात्र ताटापेक्षा शेजारी बसलेल्या माणसाकडे. २०१६ साली हनोईत त्याने राष्ट्राध्यक्ष ओबामांना प्लास्टिकच्या स्टुलावर बसवून साध्या खाणावळीतले ‘बुन चा’ खाल्ले. तेव्हा नुसत्या पदार्थावरून उत्तर लिहू नका, आधी मालिकेचे नाव आठवा.