गिऱ्हाईक हलवा, फॉलोअर हलवू नका

माझी धाकटी बहीण कोकणी मसाले विकते. बेडगी आणि संकेश्वरी मिरची उन्हात वाळवून, गरम मसाला भाजून, गावातल्याच डंखावर कुटून घेतलेला तिखट मसाला, मच्छीचा मसाला आणि बिर्याणीचा मसाला. इन्स्टाग्रामवर तिच्या पेजला अकरा हजारांच्या आसपास फॉलोअर आहेत. गेल्या वर्षी तिने वेबसाइट करून घेतली आणि ईद झाल्यावर पेजवर जाहीर केलं, "आजपासून ऑर्डर फक्त वेबसाइटवर."

तीन आठवड्यांत वेबसाइटवर दोन ऑर्डर आल्या. त्यातली एक माझी.

ती मला म्हणाली, "आपा, फॉलोअर तर कमी झाले नाहीत, मग लोक गेले कुठे?" प्रश्न बरोबर होता. फॉलोअरचा आकडा जागच्या जागी होता. कुणी रागावून पेज सोडलं नव्हतं. पूर्वी लोक मेसेज करून विचारायचे, "अर्धा किलो कितीला?" आता ती उत्तर द्यायची, "वेबसाइट बघा." समोरचा माणूस गप्प व्हायचा. बोलणं थांबलं की विक्री थांबते, आणि लोक पोस्टवर काही बोलेनासे झाले की ती पोस्ट पुढे दिसतेही कमी जणांना. म्हणजे नुकसान दोन्हीकडून होत होतं आणि आकड्यात दिसत मात्र काहीच नव्हतं.

या अनुभवानंतर माझं मत पक्कं झालं आहे. फॉलोअरला वेबसाइटवर न्यायचंच नसतं. वेबसाइटवर न्यायची असते ती ऑर्डर. पेज जिथे आहे तिथेच, तसंच राहू द्यावं. तिथले फोटो, मिरची वाळवतानाचे व्हिडिओ, कॉमेंटला उत्तरं, सगळं चालू ठेवावं. नाव बदलू नये, नवं खातं उघडू नये.

मग वेबसाइट हवी तरी कशाला? कारण पेज आपलं नसतं. 29 जून 2020 ला आपल्याकडे टिकटॉकवर बंदी आली, आणि ज्यांचा सगळा व्यवहार त्यावर होता त्यांच्याकडे आपल्याच चाहत्यांपर्यंत पोचायला काही उरलं नाही. 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम काही तास बंद पडले होते, तेही अनेकांना आठवत असेल. सकाळी उठून पेज उघडलंच नाही, तर तुमचा मसाला कोण कोण नेतं याची यादी तुमच्याजवळ आहे का? बहिणीच्या बाबतीत ती यादी एका लाल वहीत होती, तीही अर्धवट.

ती वही घेऊन आम्ही दोघी एका रविवारी बसलो. दोन वर्षांत साधारण चारशे जणांनी मसाला नेला होता. त्यातल्या नव्वदेक जणांनी दोनदा किंवा जास्त वेळा नेला होता, आणि हिशेब केला तर निम्म्याहून जास्त धंदा या नव्वदांचाच निघाला. अकरा हजारांतले बाकीचे लोक व्हिडिओ बघतात, दुआ देतात, मैत्रिणीला दाखवतात. तेही हवेत, पण त्यांना आज कुठेही हलवायचं कारण नाही.

बी.एड.ला आम्हाला एक सूत्र पाठ करायला लावलं होतं, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना मी रोज तेच करते. मुलाला येणारा शब्द आधी घेते आणि तिथून पुढच्या शब्दाकडे नेते. त्याची उर्दू बंद करून मराठी शिकवायला गेले तर ते मूल गप्प बसतं. बहिणीने गिऱ्हाइकांची उर्दू बंद केली होती.

म्हणून पहिली गोष्ट केली ती ही, की मेसेजवर ऑर्डर घेणं पुन्हा सुरू केलं. फक्त उत्तराची पद्धत बदलली. भाव विचारला की भाव तिथल्या तिथेच सांगायचा आणि त्याच मसाल्याच्या पानाची लिंक द्यायची, "पत्ता आणि पैसे इथे भरलेत तर पार्सल उद्याच निघेल, नाहीतर मला इथेच लिहून पाठवा." दोन्ही वाटा उघड्या. (भाव इनबॉक्समध्ये सांगण्याची जी फॅशन आहे ती मला कधीच आवडली नाही. दुकानात भाव कानात सांगणाऱ्यावर आपण विश्वास ठेवतो का?)

दुसरी गोष्ट त्या नव्वद जणांसाठी. त्यांना वेबसाइटकडे नेण्याची सगळ्यात सोपी जागा इन्स्टाग्राम नाही, पार्सल आहे. मसाला संपत आलेला असतो, डबा हातात असतो, तेव्हाच आठवण होते. म्हणून प्रत्येक पाकिटावर क्यूआर कोडचा छोटा कागद चिकटवला. तो स्कॅन केला की वेबसाइटचं पहिलं पान उघडत नाही, तोच मसाला उघडतो जो डब्यात आहे. एक सावधगिरी हवी. फुकट क्यूआर करून देणाऱ्या काही ठिकाणी कोड आधी त्यांच्या पत्त्यावर जातो आणि मुदत संपली की बंद पडतो. कोडमध्ये थेट आपल्या वेबसाइटचा पत्ता असावा.

इन्स्टाग्रामवर पोस्टखालच्या मजकुरात टाकलेली लिंक दाबता येत नाही. ती चालते बायोमध्ये, स्टोरीच्या लिंक स्टिकरवर आणि मेसेजमध्ये. त्यामुळे रोज पोस्टखाली पत्ता लिहिण्यात अर्थ नव्हता. आठवड्यातून एकदा, नवा घाणा कुटून आला की स्टोरीवर लिंक द्यायची, एवढंच ठरवलं. आणि कुठून कोण आलं हे कळावं म्हणून प्रत्येक ठिकाणची लिंक वेगळी केली. पत्त्याच्या शेवटी एवढंच जोडायचं असतं:

```
https://example.in/tikhat-masala?utm_source=instagram&utm_medium=story
https://example.in/tikhat-masala?utm_source=packet&utm_medium=qr
```

वेबसाइटवर गूगल ॲनालिटिक्ससारखं मोजणारं साधन बसवलेलं असेल तर त्यात ही नावं वेगवेगळी दिसतात.

आणि इथेच खरी गोम सापडली. पाकिटावरचा कोड स्कॅन करून आलेले बहुतेक जण पैसे भरत होते. इन्स्टाग्रामवरून आलेले लोक मसाला निवडत होते, नाव आणि पत्ता भरत होते, आणि पैशांच्या पानावरून गायब होत होते. माणूस पत्त्यापर्यंत येतो म्हणजे त्याला घ्यायचंच असतं. मग अडचण त्याच्या मनात नसते, आपल्या दारात असते.

मी माझ्या जुन्या साध्या फोनवर स्वतः करून पाहिलं. इन्स्टाग्राममधून लिंक दाबली की पान फोनच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडत नाही, इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडतं. तिथून यूपीआयचं बटण दाबल्यावर पैशांचं ॲप कधी उघडतच नव्हतं, कधी उघडून परत येताना ऑर्डरचं पान कोरं होत होतं. ज्याने वेबसाइट केली त्या मुलाने सगळं लॅपटॉपवर तपासलं होतं, त्याला हे दिसणार कसं? उपाय साधे निघाले. पैशांच्या पानावर एक ओळ टाकली, की अडलं तर वरच्या तीन टिंबांवर दाबून पान बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा. शेजारी यूपीआयचा क्यूआर कोडही ठेवला, म्हणजे त्याचा फोटो ठेवून ॲपमधून पैसे देता येतात. आणि मेसेजवर बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला शक्यतो व्हॉट्सॲपवर लिंक पाठवायची, कारण तिथून ती साधारणपणे फोनच्या ब्राउझरमध्ये उघडते.

त्याच दिवशी आणखी दोन खडे काढले. खरेदीआधी खातं उघडा आणि पासवर्ड ठरवा, ही अट काढून टाकली. पोस्टेजचा खर्च शेवटच्या पानावर अचानक दिसत होता, तो मसाल्याच्या भावाशेजारीच लिहिला. इंग्रजी बटणांचं मराठी मी केलं. "पिशवीत टाका" यावर बहीण हसली, पण ते तसंच आहे.

नंबरांबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या गिऱ्हाइकांत बायका जास्त. आपला नंबर कुणाच्या हाती जाईल याची त्यांना धास्ती असते, आणि ती खोटी नाही. म्हणून ऑर्डरच्या पानावर नंबर फक्त पार्सलसाठी असं लिहिलं आहे. नवा माल आल्याचा निरोप हवा असेल तर वेगळी खूण करायची, आणि ती खूण आधीपासून केलेली नसते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे, विचारून घ्या. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जण मावतात, आणि निरोप पोचतो फक्त त्यांनाच ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये सेव्ह केला आहे. त्यामुळे पाकिटावरच्या कागदावर नंबर सेव्ह करण्याची विनंतीही आहे.

वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, कुणाच्या नावावर आहे ते मात्र आजच पाहा. आमचा त्या मुलाच्या ईमेलवर नोंदवलेला निघाला. त्याच्या मनात काही नव्हतं, पण तो उद्या दुबईला गेला आणि नूतनीकरणाची तारीख चुकली, तर पाकिटावरचा प्रत्येक कोड मेला. तो बहिणीच्या खात्यावर करून घेतला. गिऱ्हाइकांची यादीही आता ती दर महिन्याला वेबसाइटवरून उतरवून घेते.

हे सगळं पावसाळ्यात केलं, कारण तेव्हा मागणी कमी असते. मसाल्याच्या हंगामात किंवा रमजानच्या तोंडावर असा बदल करू नये. आणि महिन्याला दहा-पंधराच ऑर्डर असतील तर, माझं ऐकाल, वेबसाइट करूच नका. व्हॉट्सॲपचा कॅटलॉग आणि एक नीट वही पुरते. वेबसाइट नवं गिऱ्हाईक फारसं आणत नाही. ते अजून पेजवरूनच येतं.

दापोलीच्या एक खाला आहेत, सत्तरीच्या पुढच्या. त्या अजून व्हॉइस मेसेजवरच सांगतात, "बेटा, मच्छीचा एक किलो पाठव, गेल्या वेळेस जरा तिखट होता." बहीण त्यांना लिंक पाठवत नाही. त्यांची ऑर्डर ती स्वतःच वेबसाइटवर भरते आणि शेरा लिहिते: तिखट कमी.