सूचनाफलकावरील मराठी

वसतिगृह-प्रवेशाची किंवा शिष्यवृत्तीची इंग्रजी सूचना मराठीत आणताना एक प्रश्न दरवेळी उभा राहतो: शब्द संस्कृत घ्यावा की बोलीतला? आमच्या मते, सर्वच शब्दांना एकच माप लावणे ही खरी चूक होय.

नेहमीचा नमुना घेऊ: ‘विहित नमुन्यातील आवेदनपत्र अधिवास प्रमाणपत्र व साक्षांकित प्रतींसह ३० जूनपर्यंत सादर करावे, अपूर्ण आवेदने निरस्त करण्यात येतील.’ व्याकरण निर्दोष आहे. परंतु हा फलक वाचणाऱ्यांत ऊसतोडीवरून परतलेली आई आहे, उर्दू शाळेत शिकलेला शेजारी आहे आणि तांड्यावरून आलेले वडीलही आहेत. ‘आवेदनपत्र’ येथे अडते, ‘अर्ज’ अडत नाही. १९४८ पर्यंत मराठवाड्यात निजामाच्या कारभाराची भाषा उर्दू होती. अर्ज, मुदत, दाखला, तारीख हे फारसी-अरबीतून आलेले शब्द आज मराठीचेच आहेत आणि उर्दूभाषकांनाही ओळखीचे आहेत. म्हणून ‘आवेदनपत्र’ जावे, ‘निरस्त’ जावे.

पण ‘निरस्त’च्या जागी ‘रद्द’ लिहू नये. दिलेला प्रवेश रद्द होतो. न स्वीकारलेला अर्ज नाकारला जातो. ‘३० जूनपर्यंत’ म्हटले की तो दिवस धरावा की नाही, अशी शंका उरते. ‘३० जून धरून’ लिहिले की ती मिटते.

‘अधिवास प्रमाणपत्र’ मात्र बदलू नये. सेतू केंद्रावर तेच नाव चालते. ‘राहण्याचा दाखला’ मागितला तर भलताच कागद हाती पडण्याचा संभव असतो. नाव तसेच ठेवून पुढे ‘महाराष्ट्रातील कायम वास्तव्याचा दाखला’ असा खुलासा द्यावा. ‘साक्षांकित’चे तेच. ‘सही केलेली झेरॉक्स’ हे सोपे खरे, पण सही कोणाची? स्वयंसाक्षांकित प्रतीवर अर्जदार स्वतः सही करतो. साक्षांकित प्रतीवर अधिकाऱ्याची सही-शिक्का लागतो. सोपेपणाच्या भरात हा भेद गेला, तर अर्ज परत येतो.

१९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोश सिद्ध केले, ते कार्यालयांत एका अर्थास एक शब्द असावा म्हणून. ते काम आवश्यकच होते. परंतु कोश कारकुनाच्या टेबलासाठी असतो, फलक व्हरांड्यातील माणसासाठी.

म्हणून आम्ही एवढेच सुचवितो: खिडकीवर उच्चारावयाचे नाव छापील तेच राहावे, करावयाची कृती रोजच्या शब्दांत सांगावी. मग मसुदा एखाद्या पालकास वाचावयास देऊन विचारावे, ‘काय आणाल, कधी आणाल?’ ‘समजले का?’ असे विचारू नये. संकोचाने सारेच ‘हो’ म्हणतात. उत्तर चुकले, तर दुरुस्ती मसुद्यात करावी.